बँकेवर निर्बंध आले तर पाच लाखांचा ठेव विमा कसा मिळतो, आणि अर्ज कुठे अडतात

रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेवर निर्बंध घातले की सोलापुरात पहिला प्रश्न एकच असतो, "आमचे पैसे गेले का?" बहुतेकांसाठी उत्तर "नाही" असंच आहे. राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांमधल्या ठेवींना ठेव विमा आणि पत हमी महामंडळाचा, म्हणजे सगळे म्हणतात त्या डीआयसीजीसीचा विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपये आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. त्याआधी ती १ लाख होती. हप्ता बँक भरते, तुम्हाला वेगळी पॉलिसी काढावी लागत नाही.

तरीही पैसे अडकतात. कधी नावातल्या एका अक्षरामुळे, कधी तारखेचा अर्थ चुकल्यामुळे. त्याआधी हा विमा कशासाठी आहे ते बघू, कारण ते न कळल्यामुळेच लोक नको तिथे रांग लावतात आणि हवी तिथे लावत नाहीत.

एक नीट चाललेली नागरी बँक धरू. लोकांच्या ठेवी १०० कोटी, स्वतःचं भांडवल आणि राखीव निधी १० कोटी. या ११० कोटींपैकी ७६ कोटी कर्जात आहेत. कुणाच्या यंत्रमागात, कुणाच्या टॉवेलच्या कारखान्यात, कुणाच्या घरात. २५ कोटी सरकारी रोख्यांत, ३ कोटी रिझर्व्ह बँकेकडे, ४ कोटी इमारतींत आणि तिजोरीत रोख २ कोटी. कर्जं वेळेवर फिटतायत, बँक नफ्यात आहे. आता व्हॉट्सॲपवर एक खोटा मेसेज फिरला आणि दोन दिवसांत लोकांनी १५ कोटी मागितले. रोख संपली. रोखे विकायचे तर त्यातला मोठा हिस्सा, ठेवींच्या १८ टक्के, कायद्याने ठेवावाच लागतो. म्हणजे मोकळे फक्त ७ कोटींचे. रोख आणि रोखे धरून ९ कोटी जमले, ६ कोटी कमी पडले.

कर्जदाराकडे जाऊन "सहा वर्षांचं कर्ज उद्या फेडा" म्हणता येत नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा गोठवली तर त्या कारखानदाराला सूत घेता येत नाही, माग बंद पडतात आणि कालपर्यंत चांगलं असलेलं कर्ज थकीत होतं. घाईत सगळी कर्जं दुसऱ्या बँकेला विकायची म्हटली तर घेणारा भाव पाडणार. १५ टक्के जरी पाडला तरी ७६ कोटींवर ११ कोटी ४० लाखांचा तोटा. स्वतःचे १० कोटी गेले, बँक खरोखरच बुडाली. मेसेज फिरला तेव्हा तो खोटा होता, रांगेने तो खरा केला.

आणि रांगेतला माणूस मूर्ख नसतो, हे लक्षात घ्या. बँक चांगली आहे हे माहीत असलेला ठेवीदारही धावतो, कारण पहिल्याला पूर्ण पैसे मिळणार आणि शेवटच्याला शून्य. शेजारी धावणार असं वाटलं की आपण थांबणं परवडत नाही. एप्रिल २००३ मध्ये गुजरातेत आयसीआयसीआयसारख्या मोठ्या बँकेच्या एटीएमवर अफवेने अशाच रांगा लागल्या होत्या. रिझर्व्ह बँकेने बँक सुस्थितीत असल्याचं निवेदन काढलं, रोकड पोचत राहिली आणि गर्दी ओसरली. ठेव विम्याचं काम नेमकं हेच आहे. शेवटच्या माणसालाही ५ लाखांपर्यंत मिळणार असेल, तर त्याला पहिलं यायची गरज उरत नाही.

म्हणून एका बँकेत तुमचे व्याजासह ५ लाखांपेक्षा कमी असतील तर अफवेवर ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याज कापतात. त्याहून वाईट म्हणजे ती रक्कम लोक उचलून एक टक्का जास्त देणाऱ्या पतसंस्थेत ठेवतात. पतसंस्थेला डीआयसीजीसीचा विमा नाही. पाटीवर "सहकारी" लिहिलेलं असतं, पासबुक बँकेसारखं असतं, पिग्मी एजंट ओळखीचा असतो, तरी नाही. संस्था बँक आहे का आणि तिचा विमा आहे का, हे www.dicgc.org.in वरच्या यादीत नाव शोधून बघा. पतसंस्थेने स्वतःचे पैसे एखाद्या नागरी बँकेत ठेवले असले, तरी विमा संस्थेच्या नावाने एकूण ५ लाखांचाच, प्रत्येक सभासदाला वेगळा नाही.

आता ५ लाख मोजायचे कसे. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या, एकाच नावाच्या आणि एकाच हक्काच्या ठेवी एकत्र धरतात. समजा एका यंत्रमागवाल्याचे साखर पेठ शाखेत बचत खात्यात १,२०,०००, अशोक चौक शाखेत मुदत ठेव व्याजासह ४,००,००० आणि त्याच्या एकट्याच्या मालकीच्या फर्मच्या चालू खात्यात ८०,००० आहेत. फर्मचं नाव वेगळं असलं तरी मालक तोच, म्हणून बेरीज ६ लाख. विमा ५ लाखांचा, १ लाख बाहेर. पण त्याने त्याच बँकेतून दीड लाखाचं कर्ज घेतलेलं असेल, तर बँक ते आधी ठेवीतून वळतं करून घेऊ शकते. उरतात ४,५०,००० आणि ते पूर्ण मिळतात. "विमा असताना माझी ठेव कर्जात का वळवली?" म्हणून भांडणारे असतात, पण या उदाहरणात वळतं झाल्याने त्याचा फायदाच झाला. बायकोचं स्वतःचं खातं वेगळं मोजतात. दोघांचं संयुक्त खातंही वेगळं, आणि त्यात नावांचा क्रम बदलला तर तेही वेगळं धरतात. भागीदारी फर्म वेगळी.

निर्बंध लागल्यावर अर्ज महामंडळाकडे करायचा नसतो, आपल्या बँकेच्या शाखेतच द्यायचा. बँक एक फॉर्म देते, त्यात विम्याची रक्कम घ्यायला तयार असल्याचं लिहून सही करायची. सोबत आधार, पॅन, पासबुक, ठेव पावत्या आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील, कारण पैसे तिथे जमा होतात. काहींचं दुसरीकडे खातंच नसतं. जन्मभर एकच बँक ओळखणाऱ्या आजींना ऐन गडबडीत खातं उघडायला पाठवावं लागतं, आणि मग ते त्यांच्या नावावर नको, मुलाच्या चालेल का असा प्रश्न येतो. चालत नाही. खातं ठेवीदाराच्याच नावावर हवं.

तारखेची गफलत मात्र जीवघेणी आहे. सगळीकडे "९० दिवसांत पैसे" असं छापून येतं आणि लोक समजतात की अर्जाला ९० दिवस आहेत. तसं नाही. निर्बंध लागू झाल्यापासून पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची असते. पुढचे ३० दिवस महामंडळ तपासणी करतं आणि शेवटच्या १५ दिवसांत पैसे देतं. म्हणजे तुमचा फॉर्म त्या ४५ दिवसांच्या आतच पोचायला हवा, आणि यादी तयार करायला वेळ लागतो म्हणून शाखेने लावलेली शेवटची तारीख त्याहून आधीची असते. सूचना एका कागदावर शाखेच्या दारावर चिकटवून मोकळे होण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, विशेषतः जिथे निम्मे खातेदार मराठी अडखळत वाचतात आणि घरात तेलुगू बोलतात. पण आज तरी ती सूचना स्वतः जाऊन वाचणं आपल्याच हातात आहे. बँकेच्या विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर मुदत आणखी ९० दिवस पुढे जाऊ शकते.

नावांचा घोळ आपल्या शहरात खास आहे. विडी कामगार बाईचं खातं लग्नाआधीचं, त्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पद्मशाली घरांत पासबुकावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव, आधारवर पूर्ण नाव, तेही इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगने. तपासणीत हे दोघं एकच माणूस असल्याचा पुरावा मागतात. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद आयत्या वेळी कुणाकडेच नसते, आणि शपथपत्रावर भागवायचं की नाही हे बँकेच्या अधिकाऱ्यावर. हे काम निर्बंध लागायच्या आधीच करून ठेवा. शाखेत केवायसी नव्याने द्या, नाव जुळवून घ्या, मोबाइल नंबर सध्याचा नोंदवा. दाव्याची स्थिती महामंडळाच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर टाकून बघता येते, पण तो बँकेत नोंदलेलाच असावा लागतो.

ठेवीदार वारला असेल आणि नामनिर्देशन असेल, तर मृत्यूचा दाखला आणि ज्याचं नाव दिलंय त्याचं केवायसी पुरतं. नामनिर्देशन नसेल तर वारस दाखल्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू शकते, आणि ४५ दिवसांत तो मिळणं जवळपास अशक्य. आज पावती हातात घ्या आणि नामनिर्देशनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा.

पहिली यादी चुकली म्हणजे पैसे बुडाले असं नाही, उशीर मात्र होतो. शाखेत पाठपुरावा चालू ठेवायचा. पुढे परवाना रद्द होऊन बँक अवसायनात गेली, म्हणजे ती कायमची बंद करायला घेतली, तर ते काम बघणाऱ्या अवसायकाने पदभार घेतल्यापासून तीन महिन्यांत यादी द्यायची आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत महामंडळाने विम्याची रक्कम द्यायची, असा नियम आहे. सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला तेव्हा निर्बंधांच्या काळातच अनेकांना विम्याचे पैसे मिळालेले होते. ज्यांची कागदपत्रं जुळत नाहीत, त्यांना या दुसऱ्या वाटेने जावं लागतं.

५ लाखांवरची रक्कम विम्यात येत नाही. ती अवसायकाकडे मागायची, आणि कर्जवसुली होईल तसा आधी महामंडळाचा परतावा जाऊन मग उरलेल्यातून वाटप होतं. त्याला ठरलेली मुदत नाही. म्हणून मूळ ठेव पावती कुणाच्याही हातात देण्याआधी झेरॉक्स काढा, आणि फॉर्म दिल्याची पोच शिक्का आणि तारखेसह घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.