यादीतला पहिला क्रमांक कसा ठरतो?

विक्रीमागे दलाली देण्याची रीत, म्हणजे ॲफिलिएट योजना, इंटरनेटवर आली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यात. १९९६ साली पुस्तके विकणाऱ्या एका अमेरिकी संकेतस्थळाने कोणालाही आपल्या पानावर त्यांची लिंक लावायची मुभा दिली आणि तिथून झालेल्या विक्रीवर टक्केवारी देऊ केली. तेव्हा कोणते पुस्तक सुचवले याने दलालीत फारसा फरक पडत नसे, त्यामुळे प्रश्नही उद्भवला नाही.

पुढे दर वेगवेगळे झाले. फर्निचरवर एक, किराण्यावर दुसरा. वेब होस्टिंग, कर्जे, गाद्या अशा क्षेत्रांत तर टक्केवारीऐवजी प्रत्येक ग्राहकामागे ठरावीक आणि बरीच घसघशीत रक्कम मिळू लागली. ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या याद्या याच क्षेत्रांत सर्वांत दाट दिसतात, हा योगायोग मानणे कठीण आहे.

अशा याद्या देणाऱ्या संकेतस्थळाचा चालक रोज जो आकडा बघतो तो असतो दर क्लिकमागची कमाई. समजा, दोन वस्तूंची किंमत प्रत्येकी १०० डॉलर आहे. पहिली सरस आहे, तिच्यावर क्लिक करणाऱ्या शंभरांतले ४ जण ती घेतात, पण कमिशन ३ टक्के. दुसरी शंभरांतले ३ जणच घेतात, मात्र कमिशन १० टक्के. म्हणजे पहिलीच्या एका क्लिकमागे १२ सेंट पडतात आणि दुसरीच्या ३० सेंट. आता १,००० क्लिकपैकी ७०० वरच्या जागेला आणि ३०० खालच्या जागेला मिळतात असे धरू. सरस वस्तू वर ठेवली तर एकूण १७४ डॉलर येतात, उलट क्रम लावला तर २४६. यासाठी कोणी खोटे लिहायचीही गरज नसते. क्रम आलटून पालटून बघायचा आणि जास्त कमाईचा ठेवायचा, एवढे एखादे साधे सॉफ्टवेअरही करते. ज्या वस्तूला ॲफिलिएट योजनाच नाही, ती तर बऱ्याचदा यादीत येतच नाही, आणि ही अनुपस्थिती वाचकाला कळायला मार्ग नसतो.

सगळा घोळ मात्र एका वाक्यात साठला आहे. अशा पानांच्या माथ्यावर साधारण या अर्थाची सूचना असते: ‘मिळणाऱ्या मोबदल्याचा उत्पादने कुठे आणि कोणत्या क्रमाने दिसतात यावर परिणाम होऊ शकतो, आमच्या मूल्यांकनावर होत नाही.’ क्रम वेगळा आणि मूल्यांकन वेगळे, असा हा दावा. कागदावर तो खराही असू शकतो: तारे संपादकाने दिले, जागा विक्री विभागाने दिली. पण १, २, ३ असे आकडे घातलेल्या यादीत वाचकाच्या लेखी क्रम हेच मूल्यांकन असते. ‘सर्वोत्तम’ असे शीर्षक देऊन खाली क्रमाला गुणवत्तेशी देणेघेणे नाही म्हणणे, ही शब्दांची कसरत आहे. चालकांचा युक्तिवाद असा, की सूचना दिली, आता वाचकाने वाचावी. शिवाय दर्जा सारखाच असलेल्या दोन वस्तूंत जास्त पैसे देणारी वर ठेवली तर बिघडले काय? या युक्तिवादात तथ्य आहे, फक्त ‘सारखाच’ हे ठरवणारा आणि पैसे घेणारा एकच असतो.

या वाक्याची खरी परीक्षा २०२० साली झाली. विद्यार्थी कर्जांसारख्या आर्थिक उत्पादनांची तुलना करणारे एक अमेरिकी संकेतस्थळ आपली माहिती वस्तुनिष्ठ असल्याचे आणि मोबदल्याचा तिच्यावर परिणाम होत नसल्याचे सांगत होते. तिथल्या ग्राहक-संरक्षण नियामकाचा आरोप असा होता, की क्रमांक आणि तारे दोन्ही जास्त बोली लावणाऱ्यांना विकले जात होते. म्हणजे आरोपानुसार, सूचनेत वेगळी ठेवली जाणारी दोन्ही खाती प्रत्यक्षात एकच होती. प्रकरण ३,५०,००० डॉलरवर मिटले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका बड्या ऑनलाइन विक्रेत्याने फर्निचरवरचे कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले. खुर्च्या-टेबले कालच्या इतकीच चांगली होती, पण त्यांना वर ठेवण्यातली कमाई एका फटक्यात निम्म्याहून खाली आली.

२०२३ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत त्याच नियामकाने ॲफिलिएट नात्यामुळे क्रमांक वर चढवणे दिशाभूल ठरवले. क्रमांकावर परिणाम होत नसला तरी ते नाते ठळकपणे सांगितले पाहिजे, असेही म्हटले. दिशाभूल सिद्ध करणे मात्र अवघड आहे, कारण कोणत्या वस्तूवर किती दर ठरला हे बहुतेक वेळा फक्त दोन पक्षांमधल्या करारात असते. बाहेरच्याला दिसतात ते दुरून मिळणारे संकेत: चाचणी कशी केली, किती दिवस वापरले याचा उल्लेख नसतो, विजेत्याचा एकही दोष नोंदलेला नसतो, किंवा वर्णनात बदल न होता दोन महिन्यांत क्रम फिरलेला असतो. यातला शेवटचा संकेत पानाची जुनी प्रत जपणाऱ्या संग्रहात ताडून पाहता येतो.