कारण न्याय्य, म्हणून सगळं माफ?

“कारण न्याय्य असेल तर युद्धात काहीही चालतं ना?”

नाही. युद्धात उतरावं का आणि उतरल्यावर लढावं कसं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिल्यात कारण, हेतू, अधिकृत सत्ता, शेवटचा उपाय वगैरे पाहतात; दुसऱ्यात सैनिक-नागरिक भेद आणि प्रमाणबद्धता, म्हणजे लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी जास्त नाही ना, हे.

जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर घ्या. हिटलरविरुद्ध लढण्याचं ब्रिटनचं कारण क्वचितच कोणी नाकारेल. तरी फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यांत शहराचा मध्यभाग जळून गेला, सुमारे २५,००० माणसं मेली. तिथे रेल्वेचं मोठं जंक्शन होतं, हे खरं. पण ब्रिटिशांच्या रात्रीच्या हल्ल्याचा नेम रुळांवर नव्हता, दाट वस्तीवर होता. भेदाची कसोटी इथेच मोडते. खुद्द चर्चिल यांनी मार्चमध्ये एका टिपणात अशा बॉम्बहल्ल्यांवर प्रश्न उभा केला. (नंतर ते टिपण मवाळ केलं, हा भाग वेगळा.)