‘ओआरएस’ ही तीन अक्षरे: अन्नविषबाधेनंतरच्या घरगुती उपचाराची पार्श्वभूमी

मे महिन्यात नागपुरात लग्नाच्या पंगतीनंतर एखाद्या घरात दोघातिघांना एकाच संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या की कोणीतरी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन ‘ओआरएस द्या’ म्हणतो. गेली अनेक वर्षे या मागणीला दोन वेगळ्या वस्तू मिळत आल्या. एक म्हणजे पाण्यात विरघळवायची पांढऱ्या भुकटीची पुडी आणि दुसरी म्हणजे संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या चवीचा, नळी लावून प्यायचा तयार डबा. दोन्हींवर तीच तीन अक्षरे होती, पण पहिली वस्तू जुलाब-ओकाऱ्यांत शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणारे औषध होती आणि दुसरी बहुतेक वेळा गोड पेय.

या गोंधळाचे मूळ समजण्यासाठी मागचा इतिहास थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. लहान आतड्यात ग्लुकोज शोषले जाताना ते सोडियमला सोबत घेऊन जाते आणि त्या दोघांमागे पाणी जाते, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. आतड्याला विषाणूची, जिवाणूची किंवा त्याच्या विषाची बाधा झाली तरी ही वाट बहुधा शाबूत राहते. १९७१ मध्ये बंगालच्या सीमेवरील निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्या हाती दिले गेले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढे जगभरासाठी एकच मिश्रण ठरले, तेच ओआरएस. २००२ मध्ये त्यातले मीठ व ग्लुकोज दोन्ही कमी करण्यात आले, कारण सौम्य द्रावणाने जुलाबाचे प्रमाण, ओकाऱ्या आणि सलाईनची गरज कमी होते असे दिसून आले होते. आजच्या पुडीत एका लिटरसाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते.

वाद या आकड्यांवर कधीच नव्हता. वाद नावावर झाला. चवदार पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द येऊ लागला, तेव्हा त्यांत साखर लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास आणि सोडियम अगदी थोडे, अशी स्थिती सर्रास होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. २०२२ मध्ये देशाच्या अन्न-नियामकाने आधी मनाई केली, पण त्याच वर्षी जुलैत एक सवलत दिली: वेष्टनावर ‘हे शिफारस केलेले ओआरएस नाही’ असा खुलासा छापला, तर नाव वापरता येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत चुकीचा निर्णय हाच होता. नाव मोठ्या अक्षरांत आणि खुलासा बारीक अक्षरांत असेल, तर रात्री दहा वाजता कुशीत ओकणारे लेकरू घेऊन उभी असलेली आई त्यांतले काय वाचणार? ही सवलत १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने मागे घेतली गेली. पेयाच्या नावात हा शब्द कोणत्याही उपसर्ग-प्रत्ययासह चालणार नाही, असे ठरले आणि त्यावर काही उत्पादक न्यायालयात गेले.

साखरेचे हे प्रमाण एवढे महत्त्वाचे का, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. समजा, नागपूरच्या महाल भागातले एक कुटुंब दुपारी एक वाजता पंगतीत जेवले आणि पाच वाजता सात वर्षांच्या, वीस किलो वजनाच्या मुलीला ओकाऱ्या सुरू झाल्या. जेवणानंतर एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या, तर तयार अन्नात वाढलेल्या जिवाणूंचे विष पोटात गेले असण्याची शक्यता मोठी असते आणि असा त्रास बहुधा एका दिवसात ओसरतो. आठ वाजता तिला जुलाबही लागले. घरच्यांनी चवदार डबा आणून पाजला, पण आतड्यात एवढी साखर एकदम आली की ती शोषली जाण्याआधी शरीरातले पाणी आतड्याकडे ओढून घेते. मुलीला पुढचा जुलाब अधिक पातळ आणि मोठा झाला. ‘ओआरएस देऊनही थांबेना’ असे घरचे म्हणू लागतात, ते इथून.

खऱ्या पुडीनेही चूक होऊ शकते. बाजारात एका लिटरची आणि २०० मिलिलिटरची अशा दोन मापांच्या पुड्या मिळतात. मोठी पुडी एका पेल्यात घोळली, तर द्रावण पाचपट खारट होते आणि लहान मुलात रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून पुडीवरचे माप वाचून तेवढ्याच उकळून थंड केलेल्या पाण्यात ती पूर्ण विरघळवावी, त्यात साखर, दूध किंवा सरबत मिसळू नये आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे.

मुलीला ओकारी झाल्यावर दहा मिनिटे थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्यावा. पेला तोंडाला लावला की तहानलेले मूल तो गटागटा पिते आणि सगळे बाहेर पडते. ओकाऱ्या थांबल्यावर प्रत्येक जुलाबामागे अर्धा ते एक पेला, म्हणजे १०० ते २०० मिलिलिटर, द्यावे. दोन वर्षांखालील बाळाला याच्या निम्मे. डोळे थोडे खोल, मूल चिडचिडे आणि पाणी पाहताच झडप घालणारे दिसले, तर किलोमागे ७५ मिलिलिटर चार तासांत द्यायचे असते. या मुलीला ते दीड लिटर होईल. मात्र ही स्थिती आली की डॉक्टरांना दाखवूनच ते द्यावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे मिश्रण चालते. त्यात पोटॅशियम नसते, म्हणून पुडी मिळताच ते बदलावे. मीठ घातलेली भाताची पेज किंवा पातळ ताकही देता येते. जेवण बंद ठेवू नये, आणि स्तनपान तर मुळीच थांबवू नये.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत, आणि कोणालाही ताप किंवा शौचातून रक्त असताना देऊ नयेत.

घरी थांबण्याची मर्यादा पुढील चिन्हांनी ठरते. सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल सुस्त पडले किंवा पीत नाही, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांत सपाट होत नाही, चमच्याने दिलेलेही प्रत्येक वेळी बाहेर पडते, शौचात रक्त आहे, ताप १०२ च्या वर आहे किंवा पोटदुखी असह्य आहे, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दृष्टी दुहेरी होणे, पापण्या गळणे, गिळता न येणे ही चिन्हे दुर्मीळ असली, तरी ती मज्जातंतूंवरच्या विषाची असतात आणि त्यात पाणी पाजत बसणेही धोक्याचे आहे. जुलाब तीन दिवसांहून अधिक चालले, तरी दाखवावे.

त्याच पंगतीत जेवलेले आजोबा रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेत असतील, तर त्यांच्याबाबत ही मर्यादा आणखी अलीकडे येते. मूत्रपिंड किंवा हृदयाचे रुग्ण, गर्भवती आणि सहा महिन्यांखालील बाळे यांनाही हे लागू आहे: पहिल्या काही जुलाबांतच डॉक्टरांना फोन करावा आणि घेत असलेल्या गोळ्यांची नावे सांगावीत. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पंगतीला आलेले शरीर मुळातच घामाने कोरडे झालेले असते, त्यामुळे त्यांच्याकडे हातात वेळ कमी असतो.

दुकानात पुडी मागताना वेष्टनावर ‘ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स’ हे पूर्ण नाव, वर दिलेले चार घटक आणि त्यांची मापे पाहावीत. तयार द्रवही खरे औषध असू शकतो. फक्त त्यावर हेच घटक याच प्रमाणात छापलेले असले पाहिजेत.