गद्धेपंचविशीला स्कॅनचा पुरावा?

लग्न ठरवण्याच्या बैठकीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक वाक्य हटकून ऐकू येतं: "मेंदू पंचविसाव्या वर्षीच पूर्ण तयार होतो." दादरच्या एका घरात मी ते एकाच दिवशी दोन बाजूंनी ऐकलं. चोवीस वर्षांच्या मुलीनं इतक्यात लग्न करू नये म्हणून मामांनी ते वापरलं, आणि बाईकचा दंड भरून आलेल्या तिच्या भावानं स्वतःच्या बचावासाठी. मराठीत गद्धेपंचविशी हा शब्द आधीपासून आहेच. त्यामुळे विज्ञानानं आजीच्या म्हणण्यावर शिक्का मारला, असं आपल्याला सहज वाटून जातं.

पण हा आकडा कुठल्याही एका प्रयोगातून निघालेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचारतज्ज्ञ जे गीड यांच्या गटानं 1990 च्या दशकात निरोगी मुलांचे एमआरआय वर्षानुवर्षं, पुन्हापुन्हा काढायला सुरुवात केली. याच कामातला 2004 चा एक निबंध फार गाजला. त्याचे पहिले लेखक नितीन गोगटे. आडनाव आपल्या ओळखीचंच. तेरा मुलं, वय 4 ते 21, साधारण दर दोन वर्षांनी एक स्कॅन. मेंदूच्या पृष्ठभागावरचा करडा थर वाढत्या वयात पातळ होत जातो. हा बदल हालचाल आणि संवेदना सांभाळणाऱ्या भागांत आधी दिसला. नियोजन आणि संयमाशी जोडलेल्या कपाळामागच्या भागात तो बराच उशिरा आला.

आता 21 हा आकडा पुन्हा वाचा. त्यापुढच्या वयाचं या अभ्यासात कोणी नव्हतंच. आलेखाची रेषा जिथे संपते तिथे मेंदूचा बदल थांबलेला नव्हता, थांबली होती ती मापणी. पुढचं अनुमान "विशीच्या मध्यापर्यंत" अशा सैल शब्दांत मांडलं जाऊ लागलं, आणि तोंडातोंडी त्याचं नेमकं 25 झालं. गोल आकडा लक्षात राहतो, शिवाय तो ओळखीचाही होता. आपल्याकडे लोकसभा किंवा विधानसभा लढवायला 25 वर्षं लागतात. ती अट संविधानात आली तेव्हा एमआरआय यंत्र अस्तित्वातच नव्हतं.

पुढे मापणी मोठी झाली तशी 25 ची रेघ आणखी पुसट झाली. 2022 मध्ये लाखाहून अधिक लोकांचे स्कॅन एकत्र करून वयानुसार आलेख काढले गेले. त्यात करड्या द्रव्याचं एकूण आकारमान सहाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक दिसलं, तर पांढऱ्या द्रव्याचं, म्हणजे भागाभागांना जोडणाऱ्या तंतूंचं, जवळजवळ एकोणतिसाव्या वर्षी. मग मेंदू तयार कधी झाला म्हणायचा, सहाव्या वर्षी की एकोणतिसाव्या? काय मोजलं त्यावर उत्तर ठरतं. शिवाय ही सगळी सरासरी. एकाच वयाच्या दोन माणसांत इतका फरक असतो की स्कॅन बघून "हा प्रौढ, हा नाही" असं सांगता येत नाही. थर पातळ होतो म्हणजे आत पेशींच्या जोडण्या छाटल्या जातात की तंतूंवर आवरण चढतं, हेही नेहमीच्या एमआरआयला वेगळं करता येत नाही.

मला वागणुकीचे अभ्यास जास्त उपयोगाचे वाटतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या गटानं भारतासह 11 देशांतल्या 10 ते 30 वयाच्या पाच हजारांहून जास्त लोकांच्या चाचण्या घेतल्या. त्यांचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. शांतपणे विचार करून उत्तर देण्याची क्षमता सोळाच्या सुमारास प्रौढांच्या बरोबरीला येते. मोह आवरणं, पुढचं बघून आज थांबणं हे अठरानंतरही पिकत राहतं. याच गटाच्या 2005 च्या एका प्रयोगात संगणकावर गाडी चालवायची होती: सिग्नल पिवळा, थांबायचं की दामटायचं? मित्र बघत असले की 13 ते 16 वयाची मुलं जवळजवळ दुप्पट जोखीम घेत, 18 ते 22 ची दीडपट. चोविशीच्या पुढच्यांना मित्रांमुळे फरक पडला नाही. मामांचा भाचा एकटा असता तर कदाचित थांबला असता.

ही दोन क्षमतांची तफावत डोंगरीच्या बालसुधारगृहातल्या मुलांपर्यंत पोचते. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 15 नुसार, 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. तो गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता मुलात होती का, परिणाम त्याला समजत होते का, आणि परिस्थिती काय होती, हे तपासलं जातं. त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालवावा का, हे ठरू शकतं. अडचण अशी की "चाकू मारला तर काय होईल?" याचं बरोबर उत्तर सोळा वर्षांचा बहुतेक कुणीही मुलगा शांत खोलीत, समोर मानसतज्ज्ञ बसलेला असताना देईल. रात्री चार मित्रांच्या घोळक्यात त्याला हात आवरता आला असता का, हे त्या उत्तरावरून कळत नाही.