चार अक्षरांचा निकाल आणि त्यामागची सव्वाशे वर्षं

इंटरनेटवरच्या स्वभाव-चाचणीत पंधरावीस प्रश्नांना उत्तरं दिली की स्क्रीनवर INFP किंवा ESTJ अशी चार अक्षरं येतात आणि खाली स्वभावाचं वर्णन. वाचणारा म्हणतो, ‘अगदी मीच!’ मानसशास्त्रीय चाचण्यांच्या इतिहासात या उद्गाराला पुरावा म्हणून काडीचीही किंमत नाही. असं का, हे समजायला चाचणीला विचारले जाणारे दोन प्रश्न कुठून आले ते पाहावं लागतं. आज मोजलं आणि महिन्याने मोजलं, तर माप तेच येतं का, ही विश्वसनीयता. जे मोजतो असं सांगितलं, तेच मोजलं जातंय का, ही यथार्थता. काही पाठ्यपुस्तकांत तिला सप्रमाणता म्हटलंय.

यथार्थतेची पहिली मोठी फजिती १९०१ मधली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅककीन कॅटेल यांनी १८९० मध्ये ‘मानसिक चाचणी’ हा शब्द रूढ केला होता. हाताची पकड किती घट्ट, आवाज ऐकल्यावर हात किती वेळात हलतो, असल्या मापांवरून बुद्धीचा अंदाज येईल असा त्यांचा भरवसा होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांवर ही मोजमापं वर्षानुवर्षं चालली. त्यांचेच विद्यार्थी क्लार्क विस्लर यांनी ती परीक्षेतल्या गुणांशी ताडून पाहिली, तेव्हा सहसंबंध जवळपास शून्य निघाला. सहसंबंध हा दोन मापं किती जोडीने चालतात ते सांगणारा आकडा. १ म्हणजे पूर्ण जोडीने, ० म्हणजे एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

यात एक मेख होती, ती नंतर लक्षात आली. प्रतिक्रियेचा वेळ प्रत्येकाकडून मोजक्याच वेळा घेतला होता. असं माप स्वतःच डळमळीत असतं, आणि जे माप स्वतःशीच जुळत नाही ते दुसऱ्या कशाशी जुळणार कसं? शिवाय कोलंबियात पोचलेली मुलं निवडूनच आलेली, म्हणजे त्यांच्यात आपसात फरकही कमी. कॅटेल यांची कल्पना बरोबर होती असं यातून ठरत नाही, पण तो प्रयोग तिला खोटं ठरवायलाही पुरेसा नव्हता.

हा गुंता हिशेबात बसवला चार्ल्स स्पिअरमन यांनी. ब्रिटिश सैन्यातली नोकरी सोडून ते जर्मनीत मानसशास्त्र शिकायला गेले होते. १९०४ मध्ये त्यांनी दाखवलं की मोजमापातली चूक सहसंबंधाला खाली ओढते, आणि किती ओढते ते काढता येतं. १९१० मध्ये त्यांनी आणि विल्यम ब्राऊन यांनी, स्वतंत्रपणे पण एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, आणखी एक सूत्र मांडलं: चाचणीची लांबी बदलली तर विश्वसनीयता किती बदलेल. ते आजही जसंच्या तसं वापरतात.

एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, रीत खरी आहे. बहिर्मुखता मोजणारी दहा विधानं आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण १० ते ५०, मध्य ३०. तीसच्या वर गेलात की ‘बहिर्मुख’, खाली राहिलात की ‘अंतर्मुख’. तुम्हाला मिळाले ३३.

बऱ्याच लोकांकडून ही चाचणी सोडवून घ्यायची. प्रत्येकाच्या सम क्रमांकाच्या पाच विधानांचे गुण वेगळे, विषमचे वेगळे, आणि या दोन अर्ध्यांचा सहसंबंध काढायचा. समजा तो ०.६० आला. ही झाली पाच विधानांच्या चाचणीची विश्वसनीयता. पूर्ण दहांची हवी, तर ०.६० ची दुप्पट भागिले १.६०, म्हणजे ०.७५. लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगणारं माप, म्हणजे प्रमाण विचलन, ६ असेल, तर १ मधून ०.७५ वजा करून उरलेल्या ०.२५ चं वर्गमूळ घ्यायचं. ते ०.५. त्याला ६ ने गुणलं की ३. ही मापाची प्रमाण चूक. निकाल वाचताना तिची दुप्पट दोन्ही बाजूंना धरतात. म्हणजे तुमचे ३३ हे खरं तर ‘२७ ते ३९ च्या दरम्यान कुठेतरी’ आहेत, आणि तीसची रेषा त्याच पट्ट्यात बसलेली आहे. कागदावर मात्र ‘बहिर्मुख’ असा शिक्का येतो.

आता हीच दहा विधानं कापून तीन ठेवली, तर त्याच सूत्राने विश्वसनीयता ०.४७ वर घसरते. स्वभावाच्या चार गुणांसाठी मिळून बारा प्रश्न विचारणाऱ्या क्विझमध्ये प्रत्येक गुणाच्या वाट्याला तीनच प्रश्न येतात.

खरी गंमत अक्षरांपाशी आहे. गुणांचं अक्षर केलं की आधीच थोडी असलेली माहिती आणखी सांडते. प्रत्येक अक्षरामागे एक अशा चार मोजपट्ट्या घ्या, प्रत्येकीची पुनर्चाचणी विश्वसनीयता, म्हणजे दोनदा घेतलेल्या मापांचा सहसंबंध, ०.८०, म्हणजे चांगलीच. बहुतेक गुण असतात तसे याही गुणांत लोक मधल्या रेषेभोवती दाटलेले आहेत असं धरा. महिन्याने पुन्हा चाचणी दिली तर एका पट्टीवर माणूस रेषेच्या त्याच बाजूला राहण्याची शक्यता साधारण ८० टक्के भरते. पट्ट्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर चारही अक्षरं तीच राहण्याची शक्यता उरते जेमतेम ४० टक्के. दहांतल्या सहा जणांचं निदान एक अक्षर तरी बदलणार, आणि त्यात त्यांच्या स्वभावाचा काही दोष नाही. विश्वसनीयता ०.९० पर्यंत नेली तरी आकडा ५४ च्या आसपास थांबतो. तीन-तीन प्रश्नांच्या, ०.४७ वाल्या क्विझमध्ये तो १९ टक्क्यांवर येतो. ‘गेल्या वर्षी मी वेगळाच टाइप होतो, बदललो वाटतं’ असं म्हणण्याआधी हा हिशेब आठवावा.

चार अक्षरांची ही पद्धत आली कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांच्याकडून. कार्ल युंग यांच्या १९२१ च्या व्यक्तिमत्त्व-प्रकारांच्या मांडणीवरून दोघींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली बेतली. मूळ कल्पनाच ‘माणूस एक तर असा, नाही तर तसा’ अशी असल्यामुळे मधोमध रेषा मारणं त्यांना भागच होतं. हे खरं असतं, तर गुणांच्या आलेखाला दोन उंचवटे दिसायला हवे होते, एक या गटाचा आणि एक त्या गटाचा. मिळतो तो बहुधा एकच, मधे. लोकांची सगळ्यात जास्त गर्दी जिथे, नेमकी तिथेच सुरी फिरते.

मग ‘अगदी मीच’ वाटतं ते का? याचं उत्तर १९४९ मध्ये छापलं गेलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाच्या हाती त्याच्या नावाचं स्वभाववर्णन दिलं. वर्णन किती जुळतं ते शून्य ते पाच यांत सांगायचं होतं. सरासरी आली ४.२६. नंतर कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बराचसा स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. ‘तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण ती तुम्ही पुरती वापरलेली नाही’ या धाटणीची वाक्यं. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य वाचणाऱ्याला हे सांगायला नको.

आपल्या निकालावर हे करून पाहता येतं. मित्राला त्याचा टाइप न सांगता दोन वर्णनं द्या, एक त्याचं आणि एक बरोबर उलट्या अक्षरांचं, आणि त्याचं कोणतं ते ओळखायला सांगा. एकाच माणसावरून काही ठरत नाही, नाणं उडवूनही निम्म्या वेळा बरोबर येतं. पण दहावीस जणांत निम्म्याच्या आसपासच बरोबर आले, तर वर्णनात पकडण्यासारखं काही नाही.

यथार्थतेचा नीट सिद्धान्त मात्र १९५५ मध्ये आला. चिंतेसारखी गोष्ट फूटपट्टीने तपासता येत नाही; खरं उत्तर कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ली क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी म्हटलं की अशा वेळी एका आकड्यावर न थांबता अपेक्षांचं जाळं विणायचं. हा गुण खरा असेल तर कशाशी जुळेल, कशाशी जुळणार नाही, कोणत्या गटात जास्त दिसेल, हे आधी लिहायचं आणि मग एकेक तपासायचं. ‘न जुळणं’ हा भाग लोक विसरतात. बहिर्मुखतेची पट्टी स्वतःबद्दल चांगलंच बोलण्याच्या सवयीशी घट्ट जुळत असेल, तर ती बहुधा बहिर्मुखता मोजतच नाही.

याच क्रॉनबॅक यांचा १९५१ चा अल्फा हा आकडा चाचणीच्या माहितीपत्रकात हमखास सापडतो. विधानं एकमेकांशी किती जुळतात ते तो सांगतो, आणि तो फुगवणं फार सोपं. ‘मला गर्दीत आवडतं’, ‘माणसांच्या घोळक्यात मला बरं वाटतं’, ‘चार लोकांत मी खुलतो’ अशी एकच गोष्ट तीनदा विचारली की अल्फा वर जातो, पण बहिर्मुखतेतला उत्साह, पुढाकार, बडबड हे सगळं बाहेरच राहतं. म्हणून नुसता ०.९३ पाहून हुरळून न जाता विधानं वाचावीत. पुनर्चाचणीचा आकडा, किती दिवसांच्या अंतराने घेतला ते, आणि कोणत्या लोकांवर घेतला ते, हे तिन्ही नसेल तर अल्फा एकटा फार काही सांगत नाही.

‘कोणत्या लोकांवर’ हा प्रश्न मराठीत जुना आहे. व्ही. व्ही. कामत यांनी मुलांची बुद्धी मोजणाऱ्या बिने चाचणीचं मराठी आणि कानडी रूपांतर केलं, तेव्हा नुसता अनुवाद पुरला नाही. आपल्याकडच्या मुलांवर प्रश्न घेऊन, कुठला प्रश्न कोणत्या वयाला बसतो ते नव्याने पाहावं लागलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. स्वभावाच्या प्रश्नावलीत अडचण आणखी नाजूक असते. ‘पार्टीत अनोळखी लोकांशी मी स्वतःहून बोलतो’ याचं मराठी शब्दशः बरोबर झालं, तरी ज्याच्या वाट्याला पार्टी नाही, लग्नं आणि बारशी आहेत, तो काय उत्तर देणार? लग्नात तर न बोलणाऱ्यालाही बोलावंच लागतं. मूळ इंग्रजीची विश्वसनीयता मराठीला आपोआप लागू होत नाही ती यामुळे.

या चार पट्ट्या अगदीच पोकळ आहेत असंही नाही. रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कॉस्टा यांनी १९८९ मध्ये त्या स्वभाव पाच घटकांत मोजणाऱ्या पंचघटक प्रारूपाशी ताडून पाहिल्या, तेव्हा चारही पट्ट्या पाचांपैकी चार घटकांशी जुळल्या. लोकांचे वेगळे ‘प्रकार’ असल्याचा आधार मात्र मिळाला नाही. म्हणून क्विझने अक्षरांबरोबर टक्के दिले असतील तर ते पाहावेत; ५२ टक्के अंतर्मुख आणि ५२ टक्के बहिर्मुख यांत फरक जवळपास नाही, ९० टक्के असेल तर काहीतरी आहे. पाचवा घटक, म्हणजे चिंता, चटकन खचणं, मनाची अस्थिरता, त्या चार अक्षरांत कुठेच नाही. निकाल वाचून कुणालाच वाईट वाटत नाही, त्याचं एक कारण तेही आहे.