घरगुती ग्लुकोमीटर : वापरण्याची पद्धत

बोटाच्या टोकातून रक्ताचा छोटा थेंब काढून त्यातली साखर घरच्या घरी मोजायचं बॅटरीवरचं मशीन म्हणजे ग्लुकोमीटर. मशीन, स्ट्रिपची डबी, लान्सिंग पेन आणि त्यात बसणाऱ्या सुया म्हणजे लान्सेट, एवढं सगळं मिळून किट होतं. खरी मोजणी मात्र मशीन नाही तर स्ट्रिप करते. स्ट्रिपच्या टोकाला एक बारीक नळीसारखी वाट असते, ती रक्त आपोआप आत ओढून घेते, आत लावलेल्या एन्झाइमची रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया होऊन थोडासा विद्युतप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजून आकडा दाखवतं. बहुतेक मशीनना ५ ते १० सेकंद लागतात.

हे मशीन घरात कधी आलं याबद्दल थोडा गोंधळ आहे. अमेरिकेतल्या एम्स कंपनीची डेक्स्ट्रोस्टिक्स नावाची पट्टी १९६० च्या दशकाच्या मध्यात आली, तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब टाकायचा, मिनिटभर थांबून पाण्याने धुवायचा आणि उरलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. हा रंग डोळ्यांऐवजी यंत्राने वाचावा म्हणून त्याच कंपनीच्या अँटन क्लेमेन्स यांनी मीटर बनवला. त्याचं वर्ष कुणी १९६९ धरतं, कुणी १९७०, तर कुणी पेटंटचं १९७१. रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही इंजिनिअरने आपण १९६९ मध्येच त्याबद्दल वाचलं आणि बायको डॉक्टर असल्यामुळे तो मिळवता आला असं सांगितलंय, पण आठवणीतल्या सालापेक्षा १९७० च्या सुमारास असं मोघम धरणं जास्त बरं वाटतं. तो मीटर दवाखान्यासाठीच होता, घरोघरी वापर सुरू झाला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढे. आजच्यासारखं विद्युतप्रवाह मोजणारं पेनाएवढं मशीन १९८७ च्या आसपास आलं.

हात धुणं. बाकी सगळं बरोबर करूनही रीडिंग चुकतं ते बऱ्याचदा इथेच, म्हणून हा भाग जरा सविस्तर. आताच्या स्ट्रिपला साधारण अर्धा मायक्रोलिटर रक्त लागतं, काहींना थोडं कमी काहींना १ पर्यंत. शुगर १०० असेल, म्हणजे १०० मिलीलिटर रक्तात १०० मिलीग्रॅम ग्लुकोज, तर अर्ध्या मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज असतं फक्त अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे बोटावर डोळ्याला न दिसणारं एवढंसं ग्लुकोज जरी राहिलं असेल तरी आकडा दुप्पट होऊ शकतो. आता द्राक्षाचा रस घ्या, १०० मिलीलिटरमध्ये ढोबळमानाने ७ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे मीटरच्या भाषेत ७००० mg/dL. थेंबाच्या सत्तर भागांत एक भाग जरी हा रस मिसळला तरी रीडिंग सुमारे १०० ने वर जातं.

गंमत अशी की घरातली साधी साखर तितका त्रास देत नाही, कारण ती सुक्रोज आहे आणि स्ट्रिपमधलं एन्झाइम ग्लुकोज ओळखतं, सुक्रोज नाही. फळं, मध आणि ग्लुकोज पावडर यांचं तसं नाही, त्यात सुटं ग्लुकोज असतं. गुळातही थोडं असतंच. त्यामुळे शुगर उतरल्यासारखी वाटली म्हणून पाण्यात ग्लुकोज पावडर कालवून प्यायली आणि त्याच बोटाने पुन्हा चेक केलं तर १८० बघून सगळे निर्धास्त होतात आणि आत शुगर अजून ६० च असू शकते, हा प्रकार सगळ्यात धोक्याचा.

स्पिरिटच्या कापसाने पुसलं की झालं असं पुष्कळ जण मानतात, दवाखान्यात तसंच करतात ना. पण २०११ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी लोकांना संत्री, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून मग शुगर तपासली, स्पिरिटने पुसूनही आकडे खोटेच वर आले, पाच वेळा पुसूनही पूर्ण फरक पडला नाही, नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र रीडिंग जागेवर आलं. ग्लुकोज पाण्यात सहज विरघळतं, स्पिरिटमध्ये फारसं नाही. तेव्हा साबण आणि कोमट पाणी, आणि नंतर स्वच्छ टॉवेलने बोट नखाच्या कडेपर्यंत कोरडं करायचं. ओलं बोट राहिलं तर पाणी मिसळून रीडिंग खोटं खाली येतं, थेंबही गोल न राहता पसरतो. कोमट पाण्याचा दुसरा फायदा असा की बोटात रक्त येतं आणि दाबावं लागत नाही.

पहिला थेंब की दुसरा. यावर मतं वेगळी आहेत आणि घरोघरी भांडणं होतात. जुनी शिकवण अशी की पहिला थेंब पुसून टाकायचा, कारण त्यात पेशींमधलं पाणी आणि त्वचेवरचा मळ येतो. दुसरं मत असं की त्याने काही फरक पडत नाही, उगाच रक्त वाया जातं. नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये झालेल्या अभ्यासाने मधला मार्ग दाखवला, हात धुऊन कोरडे केले असतील तर पहिला थेंब चालतो, धुणं शक्यच नसेल तर पहिला पुसून दुसरा घ्यावा, आणि दोन्हीत बोट जोरात पिळायचं नाही. हेच जास्त पटण्यासारखं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, बोट फळाने किंवा ग्लुकोजने माखलेलं असेल तर दुसऱ्या थेंबावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, एसटीत किंवा शेतात असाल तर बाटलीतलं पाणी ओतून बोट धुवा.

सुई आणि थेंब. स्ट्रिप डबीतून काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं, झाकणात किंवा डबीत ओलावा शोषणारं औषध असतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी लवकर वाया जाते. डबी उघडल्याची तारीख वर लिहून ठेवा, किती महिने चालते ते लेबलवर असतं. स्ट्रिप फ्रीजमध्ये ठेवू नयेत. स्ट्रिप मशीनमध्ये सरकवली की ते चालू होतं आणि थेंबाची खूण दाखवतं, जुन्या मशीनवर कोड नंबर येतो तो डबीवरच्या नंबरशी जुळला पाहिजे.

टोचायचं बोटाच्या मधोमध नाही तर कडेला, तिथे दुखतं कमी. पेनच्या टोकावरचा आकडा म्हणजे सुई किती खोल जाणार ते, कातडी नाजूक असेल तर १ किंवा २ वर सुरू करा, शेतकऱ्याच्या राठ बोटाला ४ लागू शकतो. टोचण्याआधी हात खाली सोडून तळव्याकडून बोटाकडे हलकं चोळलं की पुरतं. टोचल्यावर बोटाचं टोक आवळून पिळलं तर आतला पाण्यासारखा द्रव रक्तात मिसळतो आणि रीडिंग बिघडतं. पेन आणि सुई दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, नवराबायकोतही नाही, कावीळ ब अशाच मार्गाने पसरते.

थेंब गोल झाला की स्ट्रिपचं टोक त्याला कडेने नुसतं टेकवायचं, ती स्वतः ओढून घेते. वरून थेंब चोपडायचा नाही. स्ट्रिपवरची रक्त दिसणारी खिडकी पूर्ण भरेपर्यंत हलवायचं नाही, अर्धी भरली म्हणून थोड्या वेळाने आणखी रक्त घालणं बहुतेक मशीनमध्ये चालत नाही, एरर येतो किंवा चुकीचा आकडा येतो, ती स्ट्रिप टाकून नवी घ्यायची.

एक कल्पित उदाहरण. नाशिककडच्या एका आजी दुपारी नातवाला द्राक्षं सोलून देत होत्या, सुनेने जेवणानंतर दोन तास झाले म्हणून स्पिरिटने पुसून चेक केलं, २८७. आजींची पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, एरवी १४० ते १६० असते, त्यांना तहान नाही, थकवा नाही. "अगं, सकाळपासून गोड काही खाल्लंच नाही मी." इथे गोळी वाढवायची नसते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या हाताच्या बोटातून नव्या स्ट्रिपवर घेतलं तर १४८ आलं, पुन्हा तिसऱ्या स्ट्रिपवर १५६. म्हणजे २८७ द्राक्षांचं होतं. धुतल्यावरही २८० च्या आसपास आलं असतं तर मात्र तो आकडा खरा धरून डॉक्टरांना फोन करायचा.

रीडिंग वाचणं. १४८ आणि १५६ यातला फरक बिघाड नाही. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वर शुगर असेल तर शंभरातली ९५ रीडिंग लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के वर-खाली आत असली की मीटर पास, १०० च्या खाली असेल तर १५ mg/dL वर-खाली. लॅबमध्ये १४० असताना मीटरवर ११९ ते १६१ यातलं काहीही येऊ शकतं. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर जास्त असते, म्हणून लॅबशी तुलना करायची तर उपाशीपोटी, एकाच वेळी दोन्हीकडे करावी.

परदेशातून मुलांनी पाठवलेलं मशीन mmol/L मध्ये दाखवू शकतं, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात तीच पद्धत आहे. त्या आकड्याला १८ ने गुणायचं, ७.२ म्हणजे साधारण १३०. `HI` म्हणजे मशीनच्या मोजण्यापलीकडे जास्त, पुष्कळ मशीनमध्ये ६०० च्या वर, आणि `LO` म्हणजे साधारण २० च्या खाली, यातलं काहीही दिसलं तर हात धुऊन लगेच पुन्हा करा आणि माणूस गळालेला, घाम फुटलेला असेल तर दुसऱ्या रीडिंगची वाट बघत बसू नका. ७० च्या खाली आलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी हात धुऊन पुन्हा चेक करायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा.

रक्त फार कमी असेल, म्हणजे अॅनिमिया, तर बऱ्याच स्ट्रिप खोटं जास्त दाखवतात. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या काहींच्या द्रवात आयकोडेक्स्ट्रिन असतं, आणि काही जुन्या प्रकारच्या स्ट्रिप त्यापासून बनणाऱ्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात, याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला होता, अशा पेशंटने डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारूनच स्ट्रिप घ्यावी.

२०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, त्या वेगळ्या द्यायच्या. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून, झाकण चिकटपट्टीने बंद करून वर लिहून द्यायचं, ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटी सुई टाकली तर ती कचरा वेचणाऱ्याच्या हातात घुसते.