इंग्रजीतलं मुकं ‘ई’ नेमकं काय करतं?

‘बी-यू-टी बट, मग पी-यू-टी पुट का?’ हा विनोद दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरून येतो. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते आणि कुणीतरी ठरलेली पुरवणी जोडतं: इंग्रजीला ना शेंडा ना बुडखा, आपली देवनागरी मात्र शास्त्रशुद्ध, जसं लिहाल तसं वाचाल, नासानेही म्हणे मान्य केलंय. नासाने असलं कोणतंही प्रमाणपत्र दिलेलं नाही, तेव्हा तिला बाजूला ठेवू. ‘पुट’चं उत्तर मात्र आहे. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ऱ्हस्व ‘उ’ सरकत सरकत ‘अ’ झाला. प, ब, फ ही व्यंजनं उच्चारताना ओठ कामाला लागतात आणि ‘उ’लाही ओठ लागतात, म्हणून त्यांच्या शेजारी तो काही शब्दांत टिकून राहिला: पुट, पुश, पुल, बुल, बुश, फुल. सगळ्याच शब्दांत टिकला नाही, ‘बट’ त्यातून निसटलाच. उत्तर इंग्लंडच्या मोठ्या भागात तर हा बदल पोचलाच नाही. तिथे आजही कितीतरी जण ‘कप’ला ‘कुप’ म्हणतात.

आता ‘जसं लिहाल तसं वाचाल’ याकडे वळू. ‘करवत’ हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. लिहिताना चार पूर्ण अक्षरं आहेत, म्हणजे चार ‘अ’ आहेत. तोंडातून मात्र ‘कर्‌वत्’ येतं, ‘र’मधला आणि ‘त’मधला ‘अ’ गळतो. मराठी नव्याने शिकणारा तेलुगूभाषक प्रौढ बऱ्याचदा चारही ‘अ’ म्हणतो आणि आपण गालात हसतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ वेगळे आहेत, हेही त्याला लिपी सांगत नाही. आपल्याकडेही मुकी अक्षरं आहेत. लहानपणीच कानाने शिकल्यामुळे ती आपल्याला दिसत नाहीत, इतकंच.

हा गळणारा ‘अ’ लक्षात ठेवा. इंग्रजीतल्या सगळ्यात जास्त भेटणाऱ्या मुक्या अक्षराची, म्हणजे शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘ई’ची, गोष्ट तिथूनच सुरू होते.

एन-ए-एम-ई, नेम. हजार वर्षांपूर्वी हा शब्द ‘नम’ असा होता, दोन्ही ‘अ’ स्पष्ट म्हणायचे: न-म. पुढे शेवटचा स्वर पुसट झाला आणि तो ‘ई’ या अक्षराने लिहू लागले. तेराव्या शतकाच्या सुमारास आणखी एक बदल झाला. शब्दातला एका दमात म्हणायचा, एकाच स्वराभोवतीचा तुकडा म्हणजे अवयव. ज्या अवयवाच्या शेवटी व्यंजन नाही, म्हणजे जो अवयव उघडा आहे, त्यातला ऱ्हस्व स्वर लांबला. ‘न-म’मधला पहिला अवयव उघडाच होता, म्हणून त्याचं ‘ना-म’ झालं. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रजी कवीच्या ओळी म्हणताना हा शेवटचा पुसट स्वर बऱ्याच ठिकाणी मोजावा लागतो, नाहीतर वृत्तात एक अवयव कमी पडतो. त्यानंतर शंभरेक वर्षांत तो बोलण्यातून गळून गेला, अगदी आपल्या ‘करवत’मधल्या शेवटच्या ‘अ’सारखा.

गळाला तो फक्त आवाज, अक्षर कागदावर राहिलं. 1476 मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि छापील रूपं हळूहळू गोठत गेली. नेमक्या त्याच काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागा बदलत होते. पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान ‘नाम’मधला ‘आ’ वर चढत चढत ‘ए’ला पोचला, जुना ‘ई’ मोडून ‘आय’ झाला, जुना ‘ए’ चढून ‘ई’च्या जागी बसला. ऱ्हस्व स्वर मात्र साधारण आपापल्या जागी राहिले. अक्षरांची नावं म्हणताना आपण दीर्घ स्वरच म्हणतो, त्यामुळे तीही या लाटेत सरकली. पहिल्या अक्षराचं नाव मुळात ‘आ’ होतं, ते ‘ए’ झालं. म्हणून मुक्या ‘ई’चा नियम सांगायला फार सोपा आहे: शेवटी ‘ई’, त्याआधी एकच व्यंजन, त्याआधी एक स्वर असेल तर तो स्वर आपलं नाव सांगतो. मॅड आणि मेड, बिट आणि बाइट, हॉप आणि होप, कट आणि क्यूट. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या शब्दात ‘ई’ जास्तीचं आहे, बाकी अक्षरं तीच.

इथवर ते ‘ई’ म्हणजे मागे राहिलेलं अवशेष वाटेल. पण लोकांनी त्याला कामाला लावलं. ‘वाइफ’, ‘लाइफ’, ‘स्टोन’ हे शब्द मुळात एकाच अवयवाचे होते, त्यांच्या मूळ रूपाच्या शेवटी कोणताही स्वर नव्हता. तरी आज त्यांच्या शेवटी ‘ई’ आहे, कारण लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की ‘ई’ दिसलं की आधीचा स्वर लांब असतो. मग जिथे लांब स्वर दाखवायचा तिथे ते चिकटवू लागले. लंडनच्या एका शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर यांनी 1582 मध्ये इंग्रजी लेखनावर पुस्तक लिहिलं. हे ‘ई’ असल्या-नसल्याने कधी आधीचा स्वर बदलतो, कधी आधीचं व्यंजन, असं त्यांनी त्यात सांगितलं आहे. व्यंजनाचं पुढे बघू.

मोठ्या वयात इंग्रजी सुधारू पाहणाऱ्याला या नियमाचं दुसरं अंग जास्त उपयोगी पडतं. शेवटी ‘ई’च पाहिजे असं नाही. एका व्यंजनापलीकडे कोणताही स्वर आला तरी अलीकडचा स्वर बहुधा आपलं नाव सांगतो. व्यंजन दोनदा आलं तर तो पुन्हा ऱ्हस्व होतो. ‘रायटिंग’मध्ये एक टी, ‘रिटन’मध्ये दोन. ऑफिसच्या मेलमध्ये ‘रायटिंग’ला दोन टी लावलेलं मी आठवड्यातून एकदा तरी बघतो. नियमाने वाचलं तर ते ‘रिटिंग’ होतं. ‘होपिंग’ला एक पी, ‘हॉपिंग’ला दोन. ‘डायनर’ला एक एन, ‘डिनर’ला दोन. यामागचं कारणही उघड्या अवयवाचंच. त्या काळी जोड व्यंजन खरोखर जोर देऊन म्हणायचे, आपल्या ‘पक्का’मधल्यासारखं. त्यामुळे अवयव व्यंजनाने बंद व्हायचा आणि स्वर लांबायला जागाच उरायची नाही. आता जोर गेला, खूण राहिली.

मग ‘हॅव’, ‘गिव’, ‘लव’ यांचं काय? सगळ्यांच्या शेवटी ‘ई’ आहे आणि स्वर ऱ्हस्व. गोम व्ही या अक्षरात आहे. जुन्या हस्तलिखितांत यू आणि व्ही वेगळे नव्हते, एकच आकृती दोन्हींसाठी चालायची. शब्दाच्या शेवटी ती आली तर स्वर म्हणायचा की व्यंजन, हा प्रश्न पडे. पुढे ‘ई’ ठेवलं की ते व्यंजन आहे हे कळायचं. मग रिवाजच पडला की अस्सल इंग्रजी शब्द व्हीवर संपवायचा नाही. म्हणून व्हीनंतरचं ‘ई’ स्वराबद्दल काहीच सांगत नाही. एल-आय-व्ही-ई हा शब्द वाक्य पाहून ‘लिव’ की ‘लाइव’ ते ठरवावं लागतं, अक्षरांवरून ते कधीच कळणार नाही.

‘लव’, ‘कम’, ‘सम’ यांत ‘अ’च्या जागी ओ का, तेही याच हस्तलिखितांमुळे. या शब्दांत मुळात ‘उ’ होता. पण यू, एन, एम, व्ही ही अक्षरं त्या काळच्या वळणात उभ्या दांड्यांची होती. दांड्यांना दांड्या लागून वाचणाऱ्याचा गोंधळ होई, म्हणून लेखनिक तिथे गोल ओ घालत. पुढे ‘उ’चा ‘अ’ झाला, तोच ‘बट’वाला बदल. त्यामुळे एम, एन किंवा व्हीच्या आधी ओ दिसला की दोन शक्यता धरायच्या: ‘होम’, ‘स्टोव्ह’सारखा ‘ओ’ किंवा ‘मनी’, ‘मंकी’, ‘वंडर’सारखा ‘अ’.

मल्कास्टर ज्या व्यंजनाबद्दल म्हणाले ते काम सी आणि जीच्या बाबतीत दिसतं. ‘डान्स’च्या शेवटचं ‘ई’ स्वरासाठी नाही. मध्ये एन आणि सी अशी दोन व्यंजनं आहेत, तिथवर त्याचा हात पोचत नाही. ते फक्त सीचा ‘क’ होऊ देत नाही. ‘लार्ज’मध्ये ते जीचा ‘ग’ होऊ देत नाही. ‘फेस’ आणि ‘पेज’मध्ये एकच ‘ई’ दोन्ही कामं करतं. ‘टेन्स’सारख्या शब्दात तिसरंच काम आहे: ‘ई’ नसतं तर तो ‘टेन’चं अनेकवचन वाटला असता.

सगळ्यात जास्त घसरायला होतं ते लांब शब्दांत, आणि आपण मराठी माणसं तिथे नियम जरा जास्तच निष्ठेने पाळतो. स्वराने नाव सांगण्यासाठी त्या अवयवावर थोडा तरी आघात, म्हणजे उच्चारताना जोर, हवा. आघात नसेल तर स्वर आखडून ‘इ’ किंवा ‘अ’ होतो. ए-डी-व्ही-ओ-सी-ए-टी-ई घ्या. शेवटी ‘ई’, त्याआधी एकटा टी, त्याआधी ए, म्हणजे नियमाने ‘केट’. क्रियापद असेल, एखाद्या गोष्टीचा पुरस्कार करणं या अर्थाने, तर ते बरोबरच आहे, कारण क्रियापदात शेवटच्या अवयवावर दुय्यम आघात असतो. पण कोर्टातला वकील हा अर्थ असेल तर ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस ‘ॲडव्हकिट’च्या जवळचं काहीतरी म्हणतो. ‘ग्रॅज्युएट’ आणि ‘सेपरेट’ यांचीही हीच गत: क्रियापदाला ‘एट’, नामाला किंवा विशेषणाला ‘इट’. ‘क्लायमेट’, ‘प्रायव्हेट’ आणि ‘चॉकलेट’ही ‘इट’वालेच. ए-जी-ई या शेपटीचं ‘इज’ होतं: ‘व्हिलिज’, ‘मेसिज’, ‘लगिज’. ‘मसाज’ उशिरा फ्रेंचमधून आला म्हणून वेगळा वागतो. आपण भारतात ‘मेसेज’ म्हणतो त्यात बिघडलेलं काही नाही, सगळ्यांना कळतं. अडचण ऐकताना येते. समोरचा ‘सेप्रिट’ म्हणतो आणि आपण डोळ्यांपुढे ‘सेपरेट’ आणायचा प्रयत्न करत राहतो.

म्हणून अनोळखी लांब शब्द दिसला की आधी शेपटी ओळखायची, मग तो वाक्यात क्रियापद आहे का बघायचं, आणि ‘ई’चा नियम त्यानंतर लावायचा. उलट क्रमाने गेलं की हमखास चूक होते.

‘रेसिपी’ लॅटिनमधून आला आहे, ‘अपॉस्ट्रॉफी’ आणि बुटांच्या ‘नायकी’ कंपनीचं नाव ग्रीकमधून. त्यांचं शेवटचं ‘ई’ मुकं नाही, ते उच्चारायचंच असतं. आपली आडनावंही याच वर्गात मोडतात, पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. त्याला फक्त स्वर, एक व्यंजन आणि ‘ई’ दिसतं. म्हणून परदेशात राण्यांचं ‘रेन’ होतं, मान्यांचं ‘मेन’, काळ्यांचं ‘केल’ नावाची पालेभाजी, आणि सान्यांना तर थेट ‘शहाणा’ म्हटलं जातं. पी-यू-एन-ई हे स्पेलिंगही त्या नियमाने ‘प्यून’च वाचलं जाईल. दोन ओ आणि शेवटी ए लावून लिहिलेलं जुनं ‘पूना’ आपल्याला खटकायचं, पण ते कुणी वाचलं तर निदान दोन अवयव तरी ऐकू यायचे.